खोताचं शहाणपण

पाकीट हातात पडल्यावर आत्माराम शिवगणांनी ते फोडलं नाही. आधी उजेडाला धरून पाहिलं, मग हलवून पाहिलं, मग पाठीमागचा शिक्का वाचला. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म गेला होता त्यांचा. बिनतिकिटाचा माणूस चेहऱ्यावरून ओळखायची सवय निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती, आणि कागदालाही चेहरा असतो असं त्यांचं ठाम मत होतं.

"आवो, फोडा की एकदाचं," गंगुबाई आतून ओरडल्या. "बाँब हाय काय त्यात?"

"बाँब परवडला. तो एकदाच फुटतो."

पत्र नवी मुंबईच्या सागरवेल सीफूड नावाच्या कंपनीकडून होतं. मासळी गोठवून परदेशी पाठवणारी ही कंपनी, कारखाना रत्नागिरीच्या एमआयडीसीत. खाली सही दीपक महाडिक, प्रशासन विभाग. हेच पत्र आधी फोनवर आलं होतं, पण आत्मारामांनी निरोप धाडला होता की फोनवरचं पत्र आम्ही पत्र मानत नाही. म्हणून आता हे स्पीड पोस्टाने.

'विषय : नाचणे, रत्नागिरी येथील आपली सदनिका आमच्या कर्मचाऱ्याच्या निवासासाठी भाड्याने घेण्याबाबत. महोदय, आपली सदनिका आमच्या गुणवत्ता विभागातील अधिकारी श्रीमती वेदिका चोगले यांनी पाहिली असून ती पसंत आहे. करार कंपनीच्या नावे, तेहतीस महिन्यांचा असावा असा आमचा प्रस्ताव आहे. मासिक भाडे बारा हजार रुपये, दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आपल्या बँक खात्यात जमा होईल. अनामत रक्कम छत्तीस हजार, बिनव्याजी व परतीच्या बोलीवर. मुद्रांक व नोंदणीचा खर्च कंपनी करेल. वीजबिल कंपनी भरेल, सोसायटीचा देखभाल खर्च आपल्याकडे राहील. सदर कर्मचाऱ्याची बदली झाल्यास कंपनीचा अन्य कोणताही कर्मचारी तेथे राहू शकेल...'

पुढे मागणी होती. पॅन कार्डाची प्रत, घरपट्टीची पावती, वीजबिल, रद्द केलेला चेक. आणि शेवटी, 'खात्याची खात्री करण्यासाठी प्रथम एक रुपया जमा करण्यात येईल.'

आत्मारामांनी चष्मा काढून पुसला. कोणी फुकट चहा पाजला तरी त्यात माशी शोधणारा हा माणूस. इथे तर कंपनी खर्च स्वतः करते, वाढ स्वतःहून देते आणि वर रुपयाही पाठवते! एवढं गोड बोलणारा प्रवासी नेहमी बिनतिकिटाचा निघतो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं.

"माझा घास घ्यायला बसलेत हे," ते म्हणाले.

आता ही नाचण्याची सदनिका म्हणजे साधी दोन खोल्या आणि गॅलरी नव्हे, हे सांगायलाच हवं. आत्मारामांचे वडील गंगाराम पावसजवळच्या वाडीत आगाशे खोतांची जमीन कसत. खोत म्हणजे त्या काळी गावचा मालकच. मग कसेल त्याची जमीन असा कायदा आला, वर्षानुवर्षं तारखा झाल्या आणि कूळ म्हणून गंगारामांचं नाव सातबाऱ्यावर चढलं. त्या कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून गंगारामांनी हापूसची कलमं लावली. पुढे त्यातला एक तुकडा विकून आत्मारामांनी मुलासाठी, संदेशसाठी, ही सदनिका घेतली. संदेश ठाण्यात रमला तो रमलाच. सदनिका बंद. खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज खाल्ले, भिंतींना ओल धरली, आणि संदेश म्हणायला लागला, "बाबा, दिवाळीपर्यंत भाडेकरू बघा, नाहीतर विकून टाकू या. कुजवण्यापेक्षा बरं."

विकणं म्हणजे बापाच्या घामाचा तो तुकडा दुसऱ्यांदा विकणं. ते आत्मारामांच्या जिवावर आलं होतं. भाड्याने द्यावी तर दुसरी भीती होती, आणि ती भीती त्यांना इतरांपेक्षा जास्त होती, कारण राहणारा मालक कसा होतो हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं नव्हे. गंगारामांनी चोरी मुळीच केली नव्हती, घाम गाळला होता. पण वाट माहीत असलेल्या माणसाला त्याच वाटेवर दुसऱ्याची पावलं आधी ऐकू येतात.

ती वेदिका जागा बघायला आली होती तेव्हाचंच घ्या. हर्णैची पोर, बाप होडीवर, आई बंदरावर लिलावात बसणारी. बोलायला नीट, चपला दाराबाहेर काढून आत आली. सगळं बघून झाल्यावर तिने विचारलं, "काका, दारावर नावाची पाटी लावली तर चालेल ना? आणि गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर घेईन म्हणते."

नाव! आत्मारामांनी कान टवकारले. आज दारावर, उद्या गॅसवर, परवा आणखी कुठे?

"बघू," ते म्हणाले, आणि तिला जिना उतरेपर्यंत पाहत राहिले. पोरीचा चेहरा तेवढ्यावरून पडला. हे त्यांना दिसलं. पण दिसलं नाही असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पत्र आलं त्या रात्री नव्हे, तर दुसऱ्या दिवशी चांगल्या उजेडात, दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी कंपनीला उत्तर लिहिलं. अक्षर डेपोतल्या फलकासारखं टपोरं. 'आपले पत्र पोचले. जागा देण्यास हरकत नाही. मात्र अटी आमच्या. एक, भाडे रोख द्यावे. दोन, आम्ही पावती देणार नाही. तीन, करार, नोंदणी वगैरे काही नको. आमचा शब्द तोच कागद. चार, दारावर वा अन्य कुठेही कोणाचे नाव लागणार नाही.'

गंगुबाईंनी ते वाचून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "कंपनी वाण्याचं दुकान हाय काय, रोख द्यायला?"

"तुला नाय कळायचं. आगाशे खोत बाबांना कधी पावती देत नव्हता. का? पावती म्हंजे पुरावा. पुरावा म्हंजे हक्क. हुशार माणूस होता तो."

"हुशार होता तर जमीन कशी गेली त्याची?"

आत्माराम माडाला पाणी घालायला गेले.

दीपक महाडिकचा फोन दोन दिवसांनी आला. तरुण आवाज, मुंबईची घाई. "काका, तुमचं पत्र मिळालं. रोख जमणार नाही हो, ऑडिट असतं. आणि नोंदणीशिवाय कंपनी पाऊलच टाकत नाही. तो कायदाच आहे. मॅडम सध्या लॉजवर राहतायत, आईला आणायचंय त्यांना. जरा बघा ना."

"कंपनीच्या नावे करार, राहणार बाई, उद्या येणार आणखी कोणी. मग मी भांडायचं कोणाशी?" आत्मारामांनी विचारलं.

"भांडायचं कशाला, काका?"

"बघा, हेच. भांडण होणार नाही असं सांगतो तोच भांडतो."

दीपकने विषयच बदलला. "बरं, संदेश दादांनी चेकचा फोटो पाठवलाय. खातं तपासायला पाठवतो आज. बाकी तुम्ही विचार करा. महिनाअखेरीपर्यंत नाही जमलं तर आम्ही कुवारबावला दुसरी जागा बघतोय."

संदेशने! म्हणजे घरभेदीच. आत्मारामांनी फोन ठेवला, तोवर तो वाजलासुद्धा. बँकेचा मेसेज आला होता. खात्यात एक रुपया जमा.

खरं सांगायचं तर एखाद्याच्या खात्यातून लाख रुपये गेले तरी तो इतका हादरला नसता. टीव्हीवर रोज सांगतात, अनोळखी माणूस आधी रुपया पाठवतो आणि मग खातं धुऊन नेतो. पण आत्मारामांची खरी धडधड त्यासाठी नव्हती. खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, एक रुपया घेतला की कूळ लागलं, ही वाडीतली जुनी समजूत त्यांच्या कानात वाजत होती. रुपया घेतला. न विचारता घ्यायला लावला.

पहिली मिळेल ती एसटी पकडून ते रत्नागिरीला बँकेत गेले.

"रुपया परत करायचाय," त्यांनी काउंटरवरच्या बाईंना सांगितलं.

"काका, लोक पैसे गेल्याची तक्रार घेऊन येतात. तुमचा तर आलाय. मी काय लिहू?"

"लिहा की जबरदस्तीने आला."

रांगेतली माणसं हसली. बाईंनी समजुतीने सांगितलं की कंपन्या असा रुपया पाठवून खातं बरोबर आहे का ते तपासतात, यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त कोणाला ओटीपी सांगू नका. आत्माराम बाहेर आले. कान तापले होते. समजूत घालणाऱ्यावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता.

मग त्यांनी एक गोष्ट ठरवली. पुढे गंगुबाईंना ती विश्वास ठेवण्यासारखी वाटली नाही. जमीन कशी जाते हे ज्याची गेली त्यालाच विचारायचं.

आगाशे खोतांची नात मृणाली रत्नागिरीत वकिली करत होती. जयस्तंभाजवळ पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस. भाड्याच्या करारांची ऑनलाइन नोंदणीही करून देत असे. त्या जिन्याने जाणारे लोक आत्मारामांनी अनेकदा पाहिले होते, पण स्वतः कधी चढले नव्हते. दोन्ही घरांत तीन पिढ्या बोलणं नव्हतं. भांडणही नव्हतं, नुसतं नव्हतं.

ते दारात उभे राहिले. आत जावं की नको? ही आपल्याला खरं सांगेल? की गंगारामांच्या कोर्टकचेरीचा सूड असा बसल्याजागी उगवेल?

"या ना, बसा," मृणालीने मान वर केली. चाळिशीची, केस वर बांधलेले, समोर संगणक. "कोण आपण?"

"आत्माराम गंगाराम शिवगण. पावसजवळचे."

तिचा हात टंकताना थांबला. नाव तिने ऐकलं होतं हे उघड होतं. "बसा, आत्माराम काका," ती म्हणाली. आवाज तसाच राहिला, आणि आत्मारामांना तोच संशयास्पद वाटला.

त्यांनी पत्र पुढे केलं, आपल्या उत्तराची नक्कलही ठेवली, आणि सरळ बोलले. "वकीलबाई, मला लपवाछपवी जमत नाय. जमीन कशी हातची जाते ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणून आलो. जागा दिली म्हंजे राहणारा पाय पसरतो. म्हणतात ना, भटाला दिली ओसरी..." आणि समोर कोण बसलंय हे लक्षात येऊन त्यांनी म्हण तिथेच गिळली.

"भट हातपाय पसरी," मृणालीने ती पुरी केली आणि खळखळून हसली. "आमच्या बाबतीत उलटंच झालं, नाही का?"

आत्मारामांना हसावं की उठून जावं कळेना. तिने दोन्ही कागद वाचले. कंपनीचं पत्र भराभर वाचलं, त्यांचं उत्तर मात्र हळू. वाचताना तिचा चेहरा बदलत गेला. हसू मावळलं.

"काका, एक सांगू? राग मानू नका. हे उत्तर तुम्ही लिहिलंय असं वाटतच नाही. हे माझ्या आजोबांनी लिहिलंय."

"म्हंजे?"

"कागद नको. पावती नको. कुठे नाव नको. माझा शब्द तोच कागद. हेच बोलायचे ते. लहानपणी आईकडून शंभरदा ऐकलंय. त्यांना वाटायचं, लिहून दिलं नाही म्हणजे आपण सुटलो. कोर्टात उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात एक चिटोरं नव्हतं. जमीन कोण कसतं हे पीकपाहणीत होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होतं. किती खंड ठरला, कोणत्या बोलीवर दिली, काहीच दाखवता येईना. ज्याने काही लिहिलं नाही त्याचं कोण ऐकणार?"

गंगुबाईंचा प्रश्न आत्मारामांना आठवला, आणि माडाला घातलेलं पाणीही.

मृणालीने खुर्ची पुढे ओढली. "आणि तो कसणाऱ्याचा कायदा होता. तुमच्या वडलांनी घाम गाळला, त्यांना मिळाली, रीतसर मिळाली. सदनिकेला तो लागत नाही. हा करार म्हणजे राहायची परवानगी, ठरलेल्या मुदतीपुरती. लिहून नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर जागा तुमच्याकडे यायला हा कागदच तुमच्या बाजूने उभा राहतो. नसेल, आणि उद्या वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात. ते खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. शिवाय नोंदणी करायची जबाबदारीही मालकाची. भाडं बँकेतून आलं तर हिशेब दोघांकडे सारखा राहतो."

"मग रुपया?"

"रुपयाने कोणी कूळ होत नाही, काका."

"आणि दारावरची पाटी?"

"पाटीने मालक झाले असते तर रंगाऱ्याची चंगळ झाली असती."

आत्मारामांना हसू आलं, पण ते पुरतं फुटेना. काहीतरी आत अडकलं होतं.

"पण," मृणालीने लाल पेन उचललं, "एका जागी तुमचं नाक बरोबर आहे. 'कंपनीचा अन्य कोणताही कर्मचारी.' हे मी असंच जाऊ देणार नाही. मालकाची लेखी संमती घेऊनच, असं घालू. गॅस तिने तिच्या नावावर घ्यावा, वीजबिल तुमच्याच नावावर राहील. आणि राहणाऱ्यांची माहिती पोलिसांत तुम्ही द्यायची. कंपनी मान्य करेल. नाही केलं, तर मग खुशाल संशय घ्या."

संशय खुशाल घ्या, असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आत्मारामांना ही बाई आवडली. आवडली, याचाही त्यांना थोडा संशय आला.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले असता अडकलेली लहानपणची आठवण सुटली. बाबा आगाशांच्या ओटीखाली उभे आहेत, अंगणात, पायरीच्याही खाली. खंडाचं भात घातलं आहे. हातातली टोपी चुरगाळत बाबा म्हणतात, "खोतानू, पावती मिळाली आसती तर बरं झालं आसतं." आणि वरून आवाज येतो, "माझ्यावर भरवसा नाही काय रे, गंग्या?" बाबा वळतात. वाटेत आत्मारामांचा हात धरतात आणि घरापर्यंत सोडत नाहीत. हात किती घट्ट होता!

पावती न देणारा तो हुशार माणूस. आणि त्याच्या हुशारीची नक्कल आपण बापाच्या जमिनीतून आलेल्या घरासाठी केली. आपल्या पुढ्यातही चपला बाहेर काढून एक पोर उभी होती, आणि आपण म्हणालो, बघू. आत्मारामांना स्वतःची लाज वाटली. एवढी की पावसच्या थांब्यावर उतरायचं राहिलं आणि पुढच्या थांब्यावरून ते चालत मागे आले. निवृत्त वाहतूक नियंत्रक थांबा चुकला, हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

कंपनीने बदल मान्य केले. ठरल्या दिवशी मृणालीच्या ऑफिसात सगळे जमले. दीपक महाडिक कंपनीचं अधिकारपत्र घेऊन पहाटेच निघून आला होता. आवाजापेक्षा लहान दिसणारा, डोळे तांबारलेले. वेदिका कोपऱ्यातल्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. आत्मारामांनी कराराचं प्रत्येक पान वाचलं, काही पानं दोनदा. दीपकच्या अधिकारपत्रावरचा शिक्का पत्रावरच्या शिक्क्याशी जुळतो का तेही पाहिलं. लाज वाटली म्हणून स्वभाव थोडाच जातो!

"जुळतो काय, काका?" दीपकने विचारलं.

"जुळतो. पण बघून घेतलेलं बरं."

मग छोट्या यंत्रावर अंगठे झाले. पहिल्यांदा आत्मारामांचा उठेना. बागेत काम करून रेषा झिजल्या होत्या. मृणालीने बोट पुसायला ओला रुमाल दिला, तिसऱ्या खेपेला उठला. संगणकावरच्या छोट्या कॅमेऱ्याने प्रत्येकाचा फोटो घेतला. त्यात आत्माराम अटक झाल्यासारखे दिसत होते. थोड्या वेळाने फोन वाजला. अनामत जमा झाली होती.

"झालं," दीपक उठला. "दोन दिवसांत नोंदणीची प्रत मिळेल, ती दोघांनाही येईल. किल्ली मॅडमना द्या."

"थांब, बाबा. बस जरा."

सगळ्यांचे चेहरे ताणले. आता म्हातारा काय काढतो? वेदिकाने तर पर्स आणखी घट्ट धरली.

आत्मारामांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहू लागले. 'सागरवेल सीफूड यांजकडून नाचणे येथील सदनिकेच्या अनामतीपोटी रुपये छत्तीस हजार फक्त मिळाले.'

"काका, याची गरज नाही," दीपक म्हणाला. "बँकेत नोंद आहे, करारातही आहे."

"तुला गरज नाय रे. लिहू दे, त्याशिवाय माझं समाधान व्हायचं नाय." मग ते मृणालीकडे वळले. "वकीलबाई, पाच हजारांवरच्या पावतीला तिकीट लागतं ना? तुमच्याकडे आहे?"

मृणालीने खण उघडला. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट सोडवून तिने त्यांच्यापुढे ठेवलं. आत्मारामांनी ते कागदाला चिकटवलं, त्यावर आडवी सही केली. मग खिशात हात घालून रुपयाचं नाणं काढलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं.

"राहू दे, काका. रुपयाचं काय एवढं?"

"घ्या. कंपनीने पाठवलेलाच आहे तो. मी परत करायला गेलो होतो, कोणी घेईना. बाबांनी पावतीसाठी तुमच्या दारात फार फेऱ्या मारल्या, वकीलबाई. आज तिकीट तुमच्या खणातून निघालं, बरं वाटलं."

मृणालीने नाणं उचललं. ते तिने खणात न टाकता संगणकाशेजारी ठेवलं.

पावती दीपकच्या हातात देऊन आत्माराम कोपऱ्याकडे वळले. किल्ली पुढे केली. वेदिका उभी राहिली.

"आणि पोरी, पाटी करून घे तुझ्या नावाची," ते म्हणाले. "पुन्हा मागायला यायला नको तुला. खिळा मी आणतो."